‘नॉर्मॅलिटी तपासली’ या एका वाक्यात किती दडलेलं असतं

प्रश्न: मी पुण्यात एमएस (जनरल सर्जरी) च्या दुसऱ्या वर्षाला आहे. थीसिसमध्ये दोन पद्धतींनी ऑपरेशन झालेल्या 45-45 रुग्णांचा हॉस्पिटलमधला मुक्काम (दिवस) मोजलाय. एका गटात शापिरो-विल्कची पी व्हॅल्यू 0.03 आली, दुसऱ्यात 0.20. गाइड सर म्हणतात, नॉर्मल नाही म्हणजे मान-व्हिटनी लाव. पण ज्या पेपरवर माझा सिनॉप्सिस बेतलाय, त्यात गटागटात दहाच रुग्ण आहेत आणि लिहिलंय की ‘कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीने डेटा नॉर्मल आढळला, म्हणून टी-टेस्ट वापरली’. मुक्काम तोच, मग त्यांचा नॉर्मल आणि माझा नाही, असं कसं? मी कोणती टेस्ट लावू?

उत्तर:

त्या पेपरातले मुक्कामाचे दिवस तुमच्या दिवसांपेक्षा जास्त ‘नॉर्मल’ असण्याची शक्यता फार कमी आहे. फरक दोनच गोष्टींचा असावा: त्यांच्याकडे दहा रुग्ण आहेत आणि तुमच्याकडे पंचेचाळीस, शिवाय त्यांनी मेनूतून वेगळी चाचणी निवडली. गेली वीसेक वर्षं मी पुण्यातल्या रेसिडेंट मंडळींचे थीसिस तपासतोय. ‘नॉर्मॅलिटी तपासली’ हे वाक्य दिसलं की मी आधी नमुना किती मोठा आहे ते बघतो. बहुतेक वेळा त्या वाक्याचा सगळा अर्थ तिथेच सापडतो.

आधी थोडं चाचणीबद्दल. शापिरो आणि विल्क यांनी ती 1965 मध्ये मांडली. तिचं शून्य गृहीतक असं असतं की हे आकडे नॉर्मल वितरणातून आलेत. पी व्हॅल्यू 0.05 च्या वर आली तर त्याचा अर्थ एवढाच की या आकड्यांच्या जोरावर ते गृहीतक मोडता आलं नाही. ‘मोडता आलं नाही’ आणि ‘खरं ठरलं’ यांत किती अंतर आहे ते तुम्हाला इतर ठिकाणी नीट कळतं. औषधाच्या चाचणीत पी 0.30 आली म्हणून दोन औषधं सारखीच, असं कुणी लिहिलं तर तुम्हीच जर्नल क्लबमध्ये त्याला धारेवर धराल. नॉर्मॅलिटीच्या बाबतीत मात्र सगळे ते बिनदिक्कत लिहितात. रात्री अकराला बसथांब्यावर दोन मिनिटं उभं राहायचं आणि बस दिसली नाही म्हणून ‘या मार्गावर बसच नाही’ असं म्हणायचं, तशातला हा प्रकार. दहा रुग्ण म्हणजे ती दोन मिनिटं.

हे ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून बघता येतं. एक्स्पोनेन्शियल वितरण घ्या. हे इतकं एका बाजूला कललेलं असतं की त्याला नॉर्मल म्हणायला कुणीही धजणार नाही. त्यातून दहा-दहा आकडे उचलून शापिरो-विल्क पाच हजार वेळा चालवा:

```r
mean(replicate(5000, shapiro.test(rexp(10))$p.value < 0.05))
```

उत्तर 0.45 च्या आसपास येतं. म्हणजे इतका उघड तिरकेपणाही निम्म्याहून जास्त वेळा चाचणीच्या हातून निसटतो. आता `10` च्या जागी `40` टाका, उत्तर जवळपास 1 येईल. वितरण तेच, कल तोच, बदलला फक्त नमुन्याचा आकार. उलट टोकाला, दोन हजार रुग्णांचं हिमोग्लोबिन घेतलं तर हिस्टोग्राम डोळ्यांना घंटेसारखा दिसत असूनही चाचणी बऱ्याचदा ‘नॉर्मल नाही’ म्हणेल. ही चाचणी गरज असते तेव्हा आंधळी आणि गरज नसते तेव्हा नको तितक्या तीक्ष्ण नजरेची, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. लहान नमुन्यात टी-टेस्टला वितरणाच्या आकाराचा खरा धोका असतो आणि नेमकं तेव्हाच चाचणीला तो दिसत नाही. मोठ्या नमुन्यात सरासरीचं वागणं आपोआप सावरतं आणि तिथे ही बारीकसारीक गोष्टींवरून ओरडते.

तुमची 0.03 आणि त्यांचं ‘नॉर्मल आढळला’ यातला पहिला खुलासा इथे संपतो. दुसरा खुलासा जास्त गमतीचा आहे. तो एका उदाहरणावरून सांगतो. खालचे आकडे खऱ्या रुग्णांचे नाहीत. शिकवण्यासाठी मी बनवलेला हा संच आहे. दोन पद्धती, प्रत्येकी दहा रुग्ण, मुक्काम दिवसांत:

```r
a <- c(2,2,3,3,3,4,4,5,7,29)
b <- c(4,4,5,5,6,6,6,7,8,9)
```

अ गटात नऊ रुग्ण आठवड्याच्या आत घरी गेले आणि एक 29 दिवस राहिला. वॉर्डात काम केलंय त्यांना असा रुग्ण सांगायची गरज नाही. जखम चिघळते, परत ऑपरेशन होतं, नाहीतर डिस्चार्ज देऊनही घरचे न्यायला येत नाहीत. ब गट मात्र आखीवरेखीव आहे.

आता अ गटावर तीन चाचण्या चालवू:

```r
shapiro.test(a)
ks.test(a, "pnorm", mean(a), sd(a))
nortest::lillie.test(a)
```

शापिरो-विल्क अजिबात भीड ठेवत नाही. W सुमारे 0.53 येतो आणि पी 0.001 च्याही खूप खाली जाते. दुसऱ्या ओळीत साधी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह आहे. तिचा D, म्हणजे आपले आकडे आणि नॉर्मल वितरण यांतलं सर्वांत मोठं अंतर, येतो 0.36 आणि पी 0.1 च्या वर. (सारखे आकडे आहेत म्हणून आर एक इशाराही छापेल.) म्हणजे 29 दिवस पडून राहिलेला रुग्ण डोळ्यांसमोर असताना ही चाचणी म्हणते की नॉर्मलच्या विरोधात काही नाही. तिसरी ओळ लिलिफोर्सची, तिला आरमध्ये `nortest` हे पॅकेज आधी बसवावं लागतं. ती त्याच D वरून निवाडा करते, तरी पी 0.01 च्या खाली जाते.

एकाच D वर दोन निकाल का? कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह मुळात वेगळ्या प्रश्नासाठी आहे. वितरणाची सरासरी आणि एसडी तुम्हाला आधीपासून, डेटाबाहेरून माहीत आहेत, असं ती धरून चालते. आपण मात्र दोन्ही त्याच दहा आकड्यांवरून काढतो आणि मग विचारतो की या सरासरी-एसडीचं नॉर्मल वितरण या आकड्यांना बसतं का. शिंप्यानं अंगावर माप घेऊन शिवलेला सदरा अंगाला बसला, यात नवल ते काय? तो कुठेतरी थोडा ढगळ असला तरी शंका घ्यायला हवी. म्हणून ‘किती ढगळ चालेल’ याची मर्यादा बरीच कडक लागते. लिलिफोर्स यांनी 1967 मध्ये ती काढून दिली. दहा आकड्यांसाठी 5 टक्के पातळीवर साध्या चाचणीत D 0.41 पर्यंत चालून जातो. लिलिफोर्सच्या हिशोबात ती मर्यादा 0.26 च्या आसपास आहे. आपला 0.36 बरोबर मधे पडला.

एसपीएसएसमध्ये `Analyze > Descriptive Statistics > Explore` मधून गेलात तर टेबलाखाली `Lilliefors Significance Correction` अशी तळटीप दिसते. तिथे दुरुस्ती केलेली असते. इतर रस्त्यांनी चाचणी चालवली तर ती दुरुस्ती असेलच असं नाही, ते आवृत्तीवर आणि मेनूवर अवलंबून असतं. पेपरात नुसतं ‘कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह’ लिहिलं असेल, लिलिफोर्सचा उल्लेख नसेल आणि गटात दहा रुग्ण असतील, तर त्या वाक्यातून डेटाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. लेखकांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. चाचणी चालवली, पी 0.05 च्या वर दिसली, वाक्य लिहिलं. सगळं प्रामाणिक.

आणखी एक गोष्ट बहुतेक पेपरात लिहिलेलीच नसते: तपासलं नेमकं काय? टी-टेस्टला प्रत्येक गटाच्या आतलं वितरण हवं असतं. अनेकजण दोन्ही गटांचा मुक्काम एका कॉलममध्ये ठेवून सगळ्यांवर मिळून एकदाच चाचणी चालवतात. दोन गट खरोखरच वेगळे असतील तर एकत्र कॉलमला दोन उंचवटे येतील आणि चाचणी ‘नॉर्मल नाही’ म्हणेल. म्हणजे तुमची पद्धत जितकी चांगली, तितकी टी-टेस्ट हातची जाणार! तुम्ही गटवार केलंत ते बरोबर केलंत. एकाच रुग्णाची आधीची आणि नंतरची मोजमापं असतील तर त्या दोहोंच्या वजाबाकीचा कॉलम बघायचा, दोन कॉलम वेगवेगळे नाहीत.

मग पेपर वाचताना ते वाक्य सोडून काय बघायचं? टेबल बघायचं. वरच्या अ गटाची सरासरी 6.2 आणि एसडी 8.1 येते. पेपरात हे 6.2 ± 8.1 असं छापून येईल. आता हा डेटा खरंच नॉर्मल असता तर काय झालं असतं ते बघा. सरासरीच्या खाली दोन एसडी गेलं की उणे 10 दिवस होतात. त्याच हिशोबाने शंभरातल्या 22 जणांचा मुक्काम शून्यापेक्षा कमी निघतो, म्हणजे भरती होण्याआधीच डिस्चार्ज. त्यामुळे नॉर्मॅलिटीच्या चाचणीनं काहीही सांगितलेलं असो, टेबलातल्या त्या एका ओळीनं तिला खोटं पाडलेलं असतं. आल्टमन आणि ब्लँड यांनी 1996 मध्ये हाच आडाखा मांडला. शून्याखाली जाऊ न शकणाऱ्या मोजमापाची सरासरी एसडीच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर वितरण तिरकं असण्याचा संशय घ्या, आणि सरासरी एसडीपेक्षाही कमी असेल तर खात्रीच धरा. मुक्काम, खर्च, सीआरपी, फेरिटिन, पहिलं वेदनाशामक लागेपर्यंतचा वेळ, या सगळ्यांना हा आडाखा लागू पडतो. उलटीकडून मात्र तो चालत नाही. सरासरी एसडीच्या पाचपट असली म्हणून वितरण सरळच असेल असं नाही. आणि ‘आधी उणे नंतर’ सारखं मोजमाप ऋणही असू शकतं, तिथे हा आडाखा वापरूच नका.

आता तुमचा खरा प्रश्न, कोणती टेस्ट. वरच्याच संचावर दोन्ही लावू:

```r
t.test(a, b)
wilcox.test(a, b, conf.int = TRUE)
```

दुसरी ओळ म्हणजेच मान-व्हिटनी. आरमध्ये ती विल्कॉक्सनच्या नावाने येते. त्यांनी 1945 मध्ये तीच कल्पना मांडली होती, मान आणि व्हिटनी 1947 मध्ये आले. निकाल असे: टी-टेस्टची पी 0.94, मान-व्हिटनीची सुमारे 0.04. एक म्हणते काहीच फरक नाही, दुसरी म्हणते फरक आहे. ‘डेटा नॉर्मल नाही म्हणून दुसरी बरोबर’ इथे बहुतेकजण थांबतात. माझं म्हणणं असं की इथे थांबलात तर मुद्दाच हातून गेला.

दोन्ही टेस्ट बरोबर आहेत, कारण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. अ ची सरासरी 6.2 आणि ब ची 6.0. दहा रुग्णांनी मिळून अ मध्ये 62 खाटा-दिवस वापरले, ब मध्ये 60. टी-टेस्टला विचारलं होतं सरासरीबद्दल आणि सरासऱ्यांत खरंच दखल घेण्यासारखा फरक नाही. मान-व्हिटनीनं काय केलं? अ मधला प्रत्येक रुग्ण ब मधल्या प्रत्येकासमोर उभा केला. दहा गुणिले दहा, शंभर जोड्या. किती जोड्यांत अ चा रुग्ण आधी घरी गेला ते मोजलं आणि बरोबरी झाली तिथे अर्धा गुण दिला. बेरीज 77.5 येते. आर W = 22.5 दाखवील, ते उरलेले गुण. म्हणजे अ मधला कुणीही एक आणि ब मधला कुणीही एक घेतला तर अ वाला आधी घरी जाण्याची शक्यता सुमारे 78 टक्के. 29 च्या जागी 290 लिहिलं तरी हा आकडा हलत नाही, कारण त्या रुग्णाचा क्रमांक शेवटचा तो शेवटचाच राहतो.

म्हणजे उद्या रुग्णानं विचारलं, ‘डॉक्टर, मी साधारण कधी घरी जाईन?’ तर अ पद्धत चांगली: मध्यक 3.5 दिवस, ब चा 6. पण सुपरिटेंडेंटनी विचारलं की पुढच्या वर्षी या पद्धतीला किती खाटा लागतील, तर मध्यक त्यांच्या काही कामाचा नाही. खाटा सरासरीने भरतात, 29 दिवसांच्या रुग्णासकट. वितरण तिरकं आहे म्हणून खर्चाच्या किंवा खाटांच्या प्रश्नावर मान-व्हिटनी लावणं म्हणजे विचारलं एक, सांगितलं दुसरंच. अर्थात सरासरीचा प्रश्न दहा रुग्णांवर सोडवायचा म्हटलं तर कुठलीच टेस्ट तुम्हाला वाचवू शकत नाही. अ ची सरासरी एका रुग्णानं ठरवली आहे. तो वगळला तर ती 3.7 वर येते. बूटस्ट्रॅप केला, म्हणजे याच दहा जणांतून पुन्हा पुन्हा दहा-दहा उचलून सरासरी काढली, तरी तोच रुग्ण कधी दोनदा येईल, कधी एकदाही नाही, आणि उत्तर तेवढंच हिंदकळत राहील. अशा वेळी ‘इतक्या रुग्णांवर सांगता येत नाही’ हेच उत्तर असतं, आणि ते लिहायला हरकत नसते.

इथे एक गैरसमजही काढून टाकतो, कारण थीसिसच्या चर्चेत तो हमखास निघतो. मान-व्हिटनी मध्यकांची तुलना करते असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. ते फक्त तेव्हाच खरं, जेव्हा दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखा असतो आणि एक नुसतं सरकलेलं असतं. आपल्या अ आणि ब चा आकार अजिबात सारखा नाही. मध्यक अगदी सारखे असूनही मान-व्हिटनीची पी लहान येऊ शकते. म्हणून पी सोबत तो 78 टक्क्यांचा आकडा लिहा. `conf.int = TRUE` मुळे येणारा फरकाचा अंदाजही (इथे सुमारे 2 दिवस) लिहू शकता, पण तोही आकार सारखा असेल तेव्हाच नीट अर्थ देतो.

‘नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे दुबळी टेस्ट’ ही दुसरी अफवा. डेटा अगदी नॉर्मल असतानाही मोठ्या नमुन्यात मान-व्हिटनीची कार्यक्षमता टी-टेस्टच्या सुमारे 95 टक्के असते, आणि तिरक्या डेटावर ती टी-टेस्टच्या पुष्कळ पुढे जाऊ शकते. दुबळी ती अगदी लहान नमुन्यातच ठरते. तीन विरुद्ध तीन असेल तर सहा जणांतून तीन निवडायचे 20 प्रकार होतात. त्यातले दोन टोकाचे, म्हणून सर्वांत लहान शक्य पी 2/20, म्हणजे 0.1. तीन-तीन उंदरांवर मान-व्हिटनी लावून ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणारा एक प्रबंध माझ्याकडे आला होता. फरक आढळणं गणिताच्या नियमानं शक्यच नव्हतं.

आता तुमच्या 45-45 कडे येऊ. माझ्याकडे आला असतात तर मी पी व्हॅल्यू बाजूला ठेवून आधी दोन्ही गटांचा डॉट प्लॉट काढायला सांगितला असता, प्रत्येक रुग्णाचा एक ठिपका. त्यात दोन चित्रं शक्य आहेत. पहिलं: दोन्ही गट थोडे उजवीकडे कललेले, पण साधारण सारखेच, आणि कुणीही एकटा फार लांब पडलेला नाही. मग 0.03 विसरून जा. गट समान आकाराचे असले आणि दोन्हीकडचा कल सारखा असला की सरासऱ्यांची वजाबाकी करताना तो कल बराचसा एकमेकांत कटतो. 45 रुग्ण त्यासाठी पुरेसे आहेत. टी-टेस्टच लावा, पण वेल्चची लावा. ती दोन्ही गटांच्या एसडी सारख्या आहेत असं धरत नाही. आरमध्ये `t.test` मुळातच वेल्च असते. एसपीएसएसमध्ये `Equal variances not assumed` ही ओळ वाचायची. आधी लेव्हीनची चाचणी बघून मग ओळ निवडायची प्रथा आहे, ती सोडून द्या. वेल्चची ओळ नेहमीच वाचा.

दुसरं चित्र: एका गटात दोन-तीन ठिपके वीस-पंचवीस दिवसांवर एकटे पडलेत. अशा वेळी टी-टेस्ट एकदा त्यांच्यासकट आणि एकदा त्यांच्याविना चालवून बघा. वगळून निकाल छापायचा नाही, फक्त तो किती हलतो ते पाहायचं. फार हलला तर सरासरी कुणाच्या जिवावर उभी आहे ते कळलं. मुक्कामासाठी लॉग घेण्याचा मार्गही चांगला आहे. लॉगवर टी-टेस्ट लावून निकाल परत उलटवला की ‘अ चा मुक्काम ब च्या इतक्या पट’ असं गुणोत्तर मिळतं आणि सर्जनना ते पटकन कळतं. पण ही तुलना भौमितिक सरासऱ्यांची असते. खाटांचा हिशोब त्यातून निघत नाही. शिवाय डे-केअरचे रुग्ण 0 दिवस लिहिले असतील तर लॉग अडेल. भरतीचा दिवस मोजायचा की नाही हे आधी ठरवा.

गाइड सरांचा मान-व्हिटनीचा सल्ला चुकीचा नाही, त्यांनी दिलेलं कारण तेवढं तोकडं आहे. थीसिसचं उद्दिष्ट ‘नेहमीचा रुग्ण लवकर घरी जातो का’ असं असेल तर मान-व्हिटनी लावा आणि कारणही तेच लिहा. सिनॉप्सिसमधलं प्राथमिक उद्दिष्ट काढून बघा, तिथे ‘सरासरी मुक्काम’ असे शब्द असतील तर वेल्च. डेटावर आधी नॉर्मॅलिटीची चाचणी आणि तिच्या निकालावरून मुख्य टेस्ट, अशी दोन पायऱ्यांची निवड केली की छापलेल्या पी व्हॅल्यूचा अर्थही थोडा बिघडतो, कारण टेस्ट कोणती लागणार हे त्याच आकड्यांनी ठरवलेलं असतं. तुमच्या बाबतीत तर एका गटात 0.03 आणि दुसऱ्यात 0.20. एखादा रुग्ण इकडचा तिकडे झाला असता तर तुमची टेस्टच बदलली असती. सरांना हे सांगताना पेपर पुढे करू नका, डॉट प्लॉट पुढे करा. आजवर एकाही गाइडनी ठिपके बघून वाद घातल्याचं मला आठवत नाही.

पद्धतीच्या प्रकरणात असं काहीतरी लिहा: ‘मुक्कामाचं वितरण प्रत्येक गटात डॉट प्लॉट आणि क्यू-क्यू प्लॉटने पाहिलं. प्राथमिक उद्दिष्ट सरासरी मुक्कामाचं असल्याने वेल्चची टी-टेस्ट वापरली. लांब मुक्कामाच्या रुग्णांचा परिणाम तपासण्यासाठी मान-व्हिटनीचा निकालही दिला आहे.’ टेबलात सरासरी आणि एसडीच्या शेजारी मध्यक, चतुर्थक आणि सर्वांत लांब मुक्काम छापा. म्हणजे तुमचा पेपर वाचणाऱ्याला उणे दिवसांचा हिशोब करत बसावं लागणार नाही. वेदनेचे 0 ते 10 गुण किंवा जखमेची प्रतवारी असं काही थीसिसमध्ये असेल तर तिथे फार विचार करू नका, रँकवाली टेस्ट लावा.

एक गोष्ट मात्र टेस्टच्याही आधी करा, कारण ती कुठल्याच चाचणीला दिसत नाही. सर्वांत कमी मुक्काम असलेल्या आठ-दहा रुग्णांचे केस पेपर रेकॉर्ड रूममधून काढून आणा. त्यात डामा घेऊन गेलेले किती, दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलेले किती आणि दगावलेले किती ते मोजा. त्यांचा 2 दिवसांचा मुक्काम तुमच्या एक्सेलमध्ये बऱ्या होऊन गेलेल्या रुग्णाच्या 2 दिवसांसारखाच दिसतोय, आणि मान-व्हिटनी त्याला सर्वांत चांगला क्रमांक देते. असे रुग्ण दोन-तीनच असले तर ते वेगळे दाखवून निकाल त्यांच्यासकट आणि त्यांच्याविना द्या. पाच-सहापेक्षा जास्त निघाले तर टी की मान-व्हिटनी हा प्रश्नच बदलतो. मग ‘बरा होऊन डिस्चार्ज होईपर्यंतचा वेळ’ अशी मांडणी करावी लागेल. डामा आणि बदली झालेल्यांना सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसमधले अपुरे राहिलेले रुग्ण धरता येतं, पण तेही जपून, कारण कंटाळून गेलेला रुग्ण राहिलेल्यांसारखाच असतो असं नाही. दगावलेल्यांना तसं धरणं चूकच, कारण ते कधीच बरे होऊन घरी जाणार नव्हते. त्यांना वेगळा शेवट म्हणून मोजावं लागतं. ती यादी हाताशी आली की मला आकडे सांगा, पुढचं त्यावरून ठरवू.